सुजलेल्या बोटात अंगठी पुन्हा पुन्हा अडकते: थंड पाणी, दोरा आणि थांबायचं कुठे

आत्ता तुमच्या बोटात अंगठी अडकलेली असेल तर आधी ती ओढणं थांबवा. हात छातीच्या वर येईल असा उचलून धरा, दुसऱ्या हातात फोन घ्या आणि मग पुढचं वाचा. मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत परिचारिका होते. अडकलेली अंगठी घेऊन येणारी जवळपास प्रत्येक व्यक्ती येताना एकच वाक्य म्हणायची: "घरी खूप ओढून पाहिली हो, पण जास्तच घट्ट झाली." जास्त घट्ट होते ती ओढल्यामुळेच.

काहीही करण्याआधी एक तपासणी करायची आहे, अर्ध्या मिनिटाची. अंगठी असलेल्या बोटाचं नख दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबा. नखाखालचा भाग पांढुरका होईल. सोडा आणि गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहा. साधारण दोन सेकंदांत रंग परत आला तर टोकापर्यंत रक्त पोहोचतंय. मग दुसऱ्या हाताच्या त्याच बोटावर हेच करून तुलना करा, कारण थंडीत किंवा सावळ्या त्वचेवर एकाच बोटाकडे पाहून फसायला होतं. नेलपॉलिश असेल तर पुसून टाका. त्यानंतर डोळे मिटून बोटाच्या टोकाला कुणाला तरी कापसाने हलकेच स्पर्श करायला सांगा. स्पर्श कळला पाहिजे.

रंग लवकर परत येत नसेल, टोक पांढरंफटक किंवा निळसर-जांभळं आणि गार पडलं असेल, किंवा स्पर्शच कळत नसेल, तर हा लेख इथेच सोडा आणि दवाखाना गाठा. घरगुती उपाय करायला वेळ असतो तो फक्त गुलाबी आणि स्पर्श कळणाऱ्या बोटाला.

अडतं ते नेमकं कुठे

अंगठी बसते बोटाच्या मुळाशी, पण अडते मधल्या सांध्यावर. बहुतेकांच्या बोटाचा घेर मुळापेक्षा त्या सांध्यापाशी मोठा असतो. म्हणून अंगठी मुळाशी आरामात फिरते आणि तरीही निघत नाही. हाड तर लहान होणार नाही. कमी होऊ शकतं ते सांध्याभोवतीचं पाणी आणि मऊ मांस, आणि घरी करायचे सगळे उपाय तेवढ्याच गोष्टीवर काम करतात.

ओढल्यावर काय होतं ते पाहा. अंगठी पुढे सरकते आणि तिच्यापुढे त्वचेची वळी गोळा होते, पायमोजा खाली ओढल्यासारखी. सांध्याच्या घेरात आता त्या वळीचीही भर पडते. शिवाय धातूची कड टोकाकडून परत येणाऱ्या शिरांवर दाबते. या शिरांत दाब कमी असतो, त्यामुळे त्या लवकर मिटतात. आत येणाऱ्या धमनीत दाब जास्त, ती चालूच राहते. म्हणजे रक्त येत राहतं, जाणं मंदावतं आणि बोट फुगत जातं. दहा मिनिटं ओढाओढ केली की जी अंगठी थोड्या साबणाने निघाली असती तिच्यासाठी दोरा लागतो. अजून अर्धा तास केली की कटर.

म्हणून माझा हिशेब असा असतो: घरी दोनच चांगले प्रयत्न मिळतात. ते नीट तयारीने करायचे.

थंड पाणी, पण हात वर

थंडीने अंगठी सैल होते असं बरेच जण समजतात. तसं काही नसतं. सोन्याची अंगठी वीस अंशांनी गार केली तर तिच्या घेरात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी फरक पडतो, आणि तोही आकुंचनाचा, म्हणजे आपल्या विरुद्ध बाजूचा. आकसायला हवं ते बोट. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज थोडी ओसरते.

अडचण अशी की लोक भांडं खाली ठेवतात आणि त्यात हात लोंबता सोडून बसतात. थंडीने जेवढी सूज उतरते त्यातली बरीचशी खाली लोंबल्यामुळे परत येते. त्यापेक्षा पाच मिनिटं हात थंड पाण्यात बुडवा. नळाच्या पाण्यात बर्फाचे चार-पाच खडे टाकले की पुरे, बर्फ थेट त्वचेला लावायचा नाही. नंतर गार ओलं फडकं बोटाभोवती गुंडाळा, हात डोक्यापेक्षा वर उशीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवा आणि आणखी दहा मिनिटं तसेच राहा. बोटं सैल सोडा. मूठ वळवून "व्यायाम" करत बसू नका. पाण्यात असताना बोट दुखायला लागलं किंवा बधिर झालं तर बाहेर काढा. गारठ्यात ज्यांची बोटं एरवीही पांढरी पडतात त्यांनी पाण्याऐवजी नुसता हात उंच ठेवण्यावर भर द्यावा.

त्यानंतर साबण. भांडी घासायचा द्रव साबण किंवा साधं तेल, अंगठीच्या दोन्ही बाजूंना आणि सांध्यावर भरपूर. सरळ खेचायचं नाही. स्क्रू उघडताना फिरवतो तशी अंगठी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवत पुढे सरकवायची आणि कुणाला तरी बोटाच्या मुळाजवळची त्वचा मागे ओढून धरायला सांगायची, म्हणजे वळी जमत नाही. सांध्यावर आली की तळव्याकडची कड आधी पलीकडे न्या, मग पाठीकडची. दोन मिनिटांत नाही निघाली तर थांबा, साबण धुऊन बोट कोरडं करा आणि दोऱ्याकडे वळा.

ताईची अंगठी

दोऱ्याची पद्धत मी एका प्रसंगातूनच सांगते, कारण त्यात पहिल्यांदा आम्ही चुकलो होतो.

रात्री साडेनऊला माझ्या मोठ्या ताईचा फोन आला. तिच्या अनामिकेतली साधी सोन्याची अंगठी दर उन्हाळ्यात एक-दोनदा अडकते. वयानुसार सांधे जाड झालेत, त्यात त्या दिवशी ती उन्हात तासभर चालून आली होती, हात खाली लोंबते. घरी येऊन तिने साबण लावून अर्धा तास ओढलं होतं. मी पोहोचले तेव्हा सांधा लाल आणि त्वचा सोललेली नाही पण चुरचुरणारी. नख दाबलं, रंग दोन सेकंदांत परत. स्पर्श व्यवस्थित कळत होता. म्हटलं, "ताई, घरीच बघू. पण आता तू त्या अंगठीला हात लावायचा नाहीस."

पाच मिनिटं पाणी, दहा मिनिटं हात वर. मग दोरा शोधला. शिवणाचा बारीक दोरा चालत नाही. तो त्वचेत रुततो आणि नेमक्या वेळी तुटतो. मासे पकडायची नायलॉनची तार त्याहून वाईट, ती कापते. उत्तम म्हणजे दात साफ करायचा मेणाचा चपटा फ्लॉस. तो नसेल तर विणकामाचा जाडसर गुळगुळीत सुती दोरा. तिच्याकडे फ्लॉस होता.

किती घ्यायचा याचा अंदाज सोपा आहे. बोटाचा घेर सुमारे सहा सेंटिमीटर. अंगठीच्या कडेपासून सांधा ओलांडेपर्यंतचं अंतर सुमारे अडीच सेंटिमीटर. चपटा फ्लॉस पसरून दोन मिलिमीटर जागा घेतो असं धरलं तर बारा-तेरा वेढे लागतात, म्हणजे ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास, आणि वर हातात धरायला शेपूट. एक मीटर घेतला तर पुरतो. एक मिलिमीटर जाडीच्या सुती दोऱ्याला वेढे दुप्पट लागतात, त्यामुळे पावणेदोन मीटर घ्या. दोरा कमी पडून सांध्याच्या मध्यावर संपला तर सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून, बोटाच्या टोकाकडून तळव्याकडे, सरकवायचं. जिथे थोडी फट दिसते तिथून. फट नसेल तर केसांची पिन सरळ करून तिच्या वाकलेल्या टोकात दोरा अडकवून ती घालता येते, किंवा बोथट सुई नेढ्याच्या बाजूने. अणकुचीदार टोक पुढे करून कधीच नाही. तळव्याच्या बाजूला पंधरा सेंटिमीटर शेपूट सोडायची, बाकी सगळा दोरा टोकाच्या बाजूला.

आता लांब बाजूने वेढे. पहिला वेढा अंगठीला अगदी चिकटून, दुसरा पहिल्याला चिकटून, असं सांधा पूर्ण ओलांडून पुढे अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत जायचं. ताण एवढा हवा की वेढ्याखालची त्वचा दबलेली दिसेल. शेवटचं टोक शेजारच्या दोन बोटांत धरून ठेवायचं, गाठ मारायची नाही. वेढ्यांच्या वरून थोडं तेल किंवा साबण. वेढ्यांखाली लावलं तर वेढेच घसरतात.

मग तळव्याकडची शेपूट पकडायची, बोटाच्या टोकाच्या दिशेने वळवायची आणि ज्या दिशेने वेढे घेतले त्याच दिशेने गोल फिरवत उलगडायची. वेढे आता अंगठीच्या बाजूने एक-एक सुटतात आणि प्रत्येक सुटणारा वेढा अंगठीला आपल्या जाडीइतकं पुढे ढकलतो. अंगठी ओढायची नसते, ती दोऱ्याच्या पायवाटेवरून आपोआप चालत येते. पुढची त्वचा आधीच दाबून सपाट झालेली असते, त्यामुळे वळी जमायला जागाच नसते.

ताईच्या पहिल्या खेपेला अंगठी सांध्याच्या चढापर्यंत आली आणि थबकली. वेढ्यांकडे नीट पाहिलं तर माझीच चूक. सांध्याच्या उंचवट्यावर दोरा घसरून दोन वेढ्यांत फट पडली होती आणि त्या फटीतून त्वचेचा फुगा वर आला होता. अंगठी त्या फुग्याला अडत होती. जोर लावला असता तर दोरा रुतून त्वचा फाटली असती. मी सगळे वेढे सोडले.

लगेच दुसऱ्यांदा सुरुवात केली नाही. वेढ्यांनी पाणी टोकाकडे ढकललं जातं, त्यामुळे टोक जरा टम्म झालं होतं. पंधरा मिनिटं हात पुन्हा वर, गार फडकं. या वेळात मऊ लवचिक पट्टी बोटाच्या टोकापासून अंगठीपर्यंत हलक्या हाताने गुंडाळून पाच मिनिटं ठेवली. दिशा लक्षात घ्या: ही पट्टी टोकाकडून मुळाकडे, म्हणजे साठलेलं पाणी अंगठीखालून हाताकडे परत जातं. दोरा मात्र अंगठीकडून टोकाकडे. बोट थेट टोकापर्यंत सुजलेलं असेल तर हा पट्टीचा टप्पा पहिल्या प्रयत्नाआधीच करावा. त्या रात्री मी तो आधी केला नव्हता आणि वेळ वाया गेला.

दुसऱ्या खेपेला सांध्यावर वेढे थोडे एकावर एक चढवले, अर्धा वेढा आधीच्यावर, म्हणजे घसरले तरी फट पडू नये. सांध्याच्या चढावर अंगठी पुन्हा मंदावली तेव्हा शेपटीचा ताण तसाच ठेवून अंगठी जराशी फिरवली, तळव्याकडची कड पलीकडे गेली, मग पाठीकडची. ताई एकदा "आई गं" म्हणाली आणि अंगठी हातात आली. वेढे घ्यायला दीड मिनिट, उलगडायला दोन.

हा वेळ महत्त्वाचा आहे. वेढे असताना बोटाचं टोक जांभळट होणारच, कारण आपण मुद्दाम रक्त अडवलेलं असतं. वेढे घेण्यापासून उलगडण्यापर्यंत चार मिनिटांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. असह्य कळ आली किंवा टोक बधिर झालं तर जिथे असाल तिथून सोडून द्या. अंगठी निघाल्यावर काही मिनिटांत रंग पूर्ववत झाला पाहिजे. जिथे अंगठी होती तिथली खाच काही तास दिसते, त्याची काळजी नको.

खड्याच्या अंगठीत दोरा खडा धरून ठेवणाऱ्या नखांत अडकतो. सुरुवातीलाच पाहून घ्या. अंगठीची पट्टी रुंद असेल तर तिला सांधा ओलांडायला जास्त जागा लागते, तेव्हा वेढेही आणखी पुढपर्यंत न्या.

दोरा कधी हातातच घ्यायचा नाही

बोट दारात चिरडलं असेल, वाकडं दिसत असेल किंवा हलवताना टोचून दुखत असेल तर हाड मोडलेलं असू शकतं. अशा बोटावर वेढे आवळले तर मोडलेले तुकडे सरकतात. उघडी जखम असेल, भाजलं असेल, बोट लाल-गरम होऊन पू धरला असेल, अंगठीभोवतीची त्वचा सोलून ओली झाली असेल किंवा अंगठीवर त्वचा वाढून ती आत रुतली असेल, तरीही नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांना दोरा किती रुततोय हेच कळत नाही, आणि लहान मूल ते सांगू शकत नाही. या सगळ्यांना थेट डॉक्टरांकडे.

गांधीलमाशी चावून बोट फुगत चाललं असेल तर सूज वाढायच्या आत, पहिल्या काही मिनिटांत, साबणाने एक प्रयत्न करा. जमलं नाही तर सूज उतरायची वाट पाहू नका. ओठ-चेहरा सुजणं किंवा श्वास लागणं यातलं काही असेल तर अंगठी हा प्रश्नच नाही, रुग्णवाहिका बोलवा.

गरोदरपणात हात सुजणं नेहमीचं असतं. पण हात आणि चेहरा अचानक सुजले, सोबत डोकं जोरात दुखतंय किंवा डोळ्यांसमोर चमकतंय, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यायला हवा. अशा वेळी घट्ट झालेली अंगठी ही आधी मिळालेली खूण असू शकते.

आणि दोन प्रयत्न फसले की पुरे. "सकाळी बघू" असं म्हणून झोपू नका. रात्रभर हात आडवा राहतो, अनेकांची बोटं सकाळी जास्तच सुजलेली असतात, आणि झोपेत टोक बधिर होत असेल तर कळायला कुणी जागं नसतं. रक्तपुरवठा काही तास तुटला तर बोटाचं कायमचं नुकसान होतं.

दवाखान्यात काय होतं याची बऱ्याच जणांना विनाकारण भीती असते. डॉक्टर बोटाला भुलीचं इंजेक्शन देऊन हीच दोऱ्याची पद्धत शांतपणे करू शकतात. नाहीच तर रिंग कटर. डबा उघडायच्या यंत्रासारखं छोटं साधन असतं. त्याची चपटी जीभ अंगठीखाली सरकते आणि त्वचेला झाकते, वरचं दातेरी चाक हाताने फिरवून धातू कापला जातो. सोनं-चांदी दोन-चार मिनिटांत कापली जाते. मग दोन पकडींनी अंगठी फाकवतात, जाड असेल तर समोरच्या बाजूलाही एक काप. सोनाराला ती परत जोडता येते. माणसं बोट गमवायला तयार होतात पण अंगठी कापू देत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

धातू कोणता ते मात्र आधीच सांगा. स्टील आणि टायटॅनियम हाताच्या कटरला दाद देत नाहीत, त्यांना विजेवर चालणारा कटर लागतो आणि तो तापतो, म्हणून मध्येच पाणी टाकावं लागतं. टंगस्टन कार्बाइडची किंवा सिरॅमिकची अंगठी कापली जातच नाही, ती पकडीत धरून थोडा-थोडा दाब वाढवत फोडतात. ती ठिसूळ असते, तडकते आणि तुकडे होऊन निघते. त्या वेळी डोळे झाकायचे. यातलं काहीही घरी करायचं नाही. करवत, ग्राइंडर आणि तारा कापायच्या पकडीने झालेल्या जखमा मी अंगठीच्या जखमांपेक्षा जास्त शिवलेल्या पाहिल्यात.

पुन्हा अडकू नये म्हणून

ताईची अंगठी दुसऱ्या दिवशी सोनाराकडे गेली. तिची खरी अडचण मापाची होती: अंगठी लग्नाच्या वेळच्या सांध्यावरून ओवली होती आणि सांधा आता मोठा झालाय. नुसतं माप वाढवलं असतं तर ती मुळाशी सैल फिरत राहिली असती. सोनाराने माप सांध्याला बसेल एवढं वाढवलं आणि आतल्या बाजूला, खालच्या अर्ध्यात, दोन बारीक मणी जोडले. सांध्यावरून ती आता थोडं फिरवलं की निघते आणि मुळाशी मणी तिला धरून ठेवतात. सांध्याचा फरक फारच मोठा असेल तर बिजागरीने उघडणारी अंगठीही करून मिळते. ती सांध्यावरून न ओवता बोटाभोवती बंद करतात.

माप देताना संध्याकाळी, हात उबदार असताना द्या. सकाळी गार हातावर घेतलेलं माप दुपारी फसवतं. घरी तपासायचं असेल तर महिन्यातून एकदा अंगठी साबणाशिवाय काढून पाहा. त्या दिवशी साबण लागला तर माप बदलायची वेळ आली.

हाताला मार लागला, भाजलं किंवा काही चावलं तर सूज दिसायच्या आत त्या हातातल्या सगळ्या अंगठ्या काढा, दुखणारं बोट दुसरंच असलं तरी. मनगटाला मार लागला तरी बोटं सुजतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीही काढून ठेवा. ती नाही निघाली तर ते तेव्हाच कळेल, टेबलावर झोपवल्यावर नाही.

ताई आता अंगठी रात्री काढून ठेवते. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरली, दोन्ही वेळा सकाळी मला फोन केला. दोन्ही वेळा हात वर धरून दहा मिनिटं बसली आणि साबण न लावता निघाली.